प्रेसनोट लिहिताय? आधी फोन नंबरची ओळ लिहा, बाकी नंतर (मदतनिधीच्या कार्यक्रमाची बातमी सांगलीच्या पेपरात द्यायची तर)

मदतनिधीचा कार्यक्रम ठरला की मंडळातला कुणीतरी एकजण "पेपरात बातमी टाकू की" म्हणतो आणि मग लेटरहेडवर एक लांबलचक मजकूर तयार होतो, त्यात अध्यक्षांपासून खजिनदारापर्यंत सगळ्यांची नावं, मध्ये कुठेतरी कार्यक्रम, आणि अगदी तळाला "अधिक माहितीसाठी संपर्क" म्हणून नंबर. दुसऱ्या दिवशी बातमी येते, छान चार इंची येते, नावं पण असतात, पण नंबर नसतो. लोक वाचतात, चांगलं काम आहे म्हणतात आणि पेपर घडी करून ठेवतात, कारण पैसे द्यायचे कुणाला, पास कुठे मिळतात हे त्यात कुठेच नाही.

हे मुद्दाम कुणी करत नाही. पेपरात बातमी जागेत बसवायची असते, जाहिरात वाढली किंवा संध्याकाळी एखादी मोठी घटना आली की डेस्कवरचा उपसंपादक आधीच लावलेल्या बातम्या लहान करतो, आणि लहान करायची साधी पद्धत म्हणजे खालून परिच्छेद उडवायचे. म्हणजे तुमची संपर्काची ओळ नेमकी जिथे कात्री चालते तिथेच बसलेली असते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की प्रेसनोट उलटीकडून लिहायची, आधी संपर्काची ओळ पक्की करायची, ती वर कुठे बसणार ते ठरवायचं आणि मग बाकीचा मजकूर तिच्याभोवती लिहायचा.

एक उदाहरण धरून जाऊया, आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातल्या १२ मुली सांगलीत कॉलेजला आहेत, कॉट बेसिसवर राहतात, आणि त्यांच्या मेसचं बिल भरायचंय. मेस महिन्याला ३,००० रुपये धरली तर १० महिन्यांचे एका मुलीचे ३०,०००, १२ जणींचे ३,६०,०००. त्यासाठी विष्णुदास भावे नाट्यमंदिरात रविवारी संध्याकाळी भावगीतं-नाट्यगीतांची मैफल ठेवलीय, तिकीट ३०० रुपये. ५०० तिकिटं गेली तरी दीड लाख होतात, म्हणजे राहिलेले २,१०,००० थेट देणगीतून यायला हवेत. हा हिशोब मी इथे का मांडला, तर त्यावरून कळतं की फोन करणारे दोन प्रकारचे असणार, एक पास मागणारे आणि दुसरे देणगी देणारे, आणि आपली ओळ दोघांना पुरली पाहिजे. (हॉलचं भाडं, साऊंड, वादकांचं मानधन हे तिकिटाच्या पैशातून जाणार असेल तर तो खर्च आधी वजा करूनच आकडा सांगा. सांगलीत हिशोब विचारणारे लोक आहेत, आणि विचारतात.)

संपर्काची ओळ कशी बांधायची

पहिलं म्हणजे नंबर कुणाचा. अध्यक्षांचा नंबर देणं हा मानाचा भाग झाला, पण अध्यक्ष दिवसभर मीटिंगमध्ये असतील तर उपयोग काय. जो माणूस अनोळखी नंबर उचलतो, शांतपणे बोलतो आणि ज्याला पासचा हिशोब माहितीये त्याचा नंबर द्यायचा, मग तो मंडळात कितीही नवा असू दे. आणि त्याला विचारून द्यायचा हां, कारण एकदा पेपरात नंबर आला की त्या कात्रणाचा फोटो व्हॉट्सॲपवर कितीतरी दिवस फिरत राहतो. मुलीचा किंवा ताईंचा नंबर असेल तर हे दुप्पट लागू, नको त्या वेळी नको ते फोन येतात. त्यापेक्षा जुन्या हँडसेटमध्ये एक वेगळं सिम टाकून तोच कार्यक्रमाचा नंबर करायचा आणि तो फोन दोघा-तिघांनी वेळ वाटून सांभाळायचा, हे सगळ्यात बरं.

नंबर एक असावा, फारतर दोन. पाच नंबर दिले की उपसंपादक त्यातला एखादा ठेवतो नाहीतर सगळेच काढतो, आणि तो कुठला ठेवेल ते तुमच्या हातात नसतं.

दुसरं, वेळ लिहा. "सकाळी १० ते सायंकाळी ७". पेपर सकाळी सहाला घरात पडतो आणि आपल्याकडची रिटायर्ड मास्तर, बँकवाली मंडळी चहाबरोबर पेपर वाचून साडेसहालाच फोन लावतात, आणि खरं सांगायचं तर देणगी देणारे बऱ्याचदा तेच असतात, त्यांचा फोन एकदा वाजून राहिला की ते परत करतीलच असं नाही. त्यामुळे वेळ छापलेली असली तरी बातमी आली त्या दिवशी फोन सकाळपासून चालू ठेवा.

तिसरं, एक जागा द्या. हे बरेचजण विसरतात. सगळ्यांना गुगल पे जमत नाही, किंवा जमत असलं तरी पेपरातल्या नंबरवर पैसे पाठवायला लोक घाबरतात, आणि बरोबर आहे त्यांचं. विश्रामबागमधलं एखादं पुस्तकाचं दुकान, गणपती पेठेतलं ओळखीच्या व्यापाऱ्याचं दुकान, मिरजेत एक ठिकाण, असं जिथे पास आणि पावतीपुस्तक ठेवलंय ते नावासकट द्यायचं. दुकानदाराला आधी सांगून ठेवा आणि काऊंटरवरच्या पोराला पण सांगा, नाहीतर माणूस तिथे जातो आणि पोरगं म्हणतं "कसला पास?"

चौथं, काय नको. खाते क्रमांक आणि यूपीआय आयडी बातमीत देऊ नका. सगळ्यात आधी तर एक आकडा चुकला की पैसे भलतीकडे किंवा कुठेच नाही. शिवाय काही ठिकाणी मजकूर अजून जुन्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पानावर लावला जातो, आणि त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात. त्यामुळे मराठी ओळीच्या मध्ये आलेला इंग्रजी आयडी कन्व्हर्ट होताना कुणी वेगळा सांभाळला नाही तर त्याचं काहीतरी अगम्य मराठी होऊन छापतं. क्यूआर कोडचं तर विचारूच नका, पेपरच्या कागदावर छोटा छापला तर स्कॅन होईल याची खात्री नाही आणि कुणी त्या जागी दुसरा क्यूआर चिकटवून पोस्ट फॉरवर्ड केली तर बदनामी आपली. फोनवर बोलूनच खात्याची माहिती पाठवायची आणि सांगायचं की पैसे पाठवताना स्क्रीनवर संस्थेचं नाव येतंय का बघा, दुसरं नाव आलं तर पाठवू नका.

आता हे सगळं एका वाक्यात बसवायचं. असं:

"पास व देणगीसाठी अमुक तमुक यांच्याशी ९८××× ××××× या क्रमांकावर सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळेत शनिवारपर्यंत (ता. १३) संपर्क साधावा, पास विश्रामबाग येथील अमुक पुस्तकालयातही मिळतील."

बघा, यात "शनिवारपर्यंत" आहे. ते यासाठी की कात्रण मार्चमध्ये कुणाच्या तरी ग्रुपवर परत येतं आणि लोक फोन करतात. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहिलाय, कारण सलग दहा आकडे टाईप करताना एखादा गळतो आणि गळला तरी डोळ्याला कळत नाही, पाच-पाचमध्ये लगेच दिसतं. आणि नाव-नंबर-काम एकाच वाक्यात गुंफलेत, वेगळी "संपर्क :" अशी सुटी ओळ केलेली नाही. सुटी ओळ उडवायला सोपी, वाक्याच्या पोटात गेलेला नंबर काढायचा तर वाक्य परत लिहावं लागतं, तेवढा वेळ रात्री डेस्कवर कुणाकडे नसतो.

मग बाकीची नोट

वर शीर्षक सुचवा, ते बदलतील, बदलू दे. डेटलाइन "सांगली, ता. ५ :" अशी. काही पेपर ता. लिहितात काही दि., त्यावर डोकं घालवू नका. आता नमुना देतो, हा खराखुरा पाठवण्याइतका आहे:

> मुलींच्या मेसखर्चासाठी सांगलीत १४ डिसेंबरला मैफल
>
> सांगली, ता. ५ : दुष्काळी भागातून सांगलीत शिकायला आलेल्या १२ विद्यार्थिनींच्या वर्षभराच्या जेवणाच्या खर्चासाठी अमुक प्रतिष्ठानतर्फे रविवारी (ता. १४ डिसेंबर) सायंकाळी साडेपाच वाजता विष्णुदास भावे नाट्यमंदिरात भावगीत व नाट्यगीतांची मैफल होणार आहे.
>
> तिकीट ३०० रुपये आहे. पास व देणगीसाठी अमुक तमुक यांच्याशी ९८××× ××××× या क्रमांकावर सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळेत शनिवारपर्यंत (ता. १३) संपर्क साधावा, पास विश्रामबाग येथील अमुक पुस्तकालयातही मिळतील.
>
> जत, आटपाडी व कवठेमहांकाळ तालुक्यांतील या विद्यार्थिनी सांगलीतील महाविद्यालयांत शिकत आहेत. एका विद्यार्थिनीचा मेसखर्च महिन्याला सुमारे ३ हजार रुपये असून दहा महिन्यांसाठी एकूण ३ लाख ६० हजार रुपयांची गरज आहे. जमा रक्कम थेट मेसचालकांना दिली जाईल व कार्यक्रमानंतर हिशोब जाहीर केला जाईल, असे प्रतिष्ठानतर्फे सांगण्यात आले.
>
> मैफलीत स्थानिक गायक-वादक सहभागी होणार आहेत. प्रास्ताविक, सत्कार असा औपचारिक कार्यक्रम होणार नाही.

एवढंच. शंभर-सव्वाशे शब्द. पहिल्या परिच्छेदात कशासाठी, कोण, कधी, कुठे, काय, दुसऱ्यात लगेच पैसे आणि नंबर, आणि तिथून खालचं सगळं उडालं तरी बातमी जिवंत राहते. हेच तपासायचं असेल तर एक सोपं करा, नोट प्रिंट काढून शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचा, मग त्याच्या वरचा पण झाका. दोन परिच्छेद उरल्यावर सुद्धा वाचणाऱ्याला फोन लावता आला पाहिजे.

दिवस आणि तारीख दोन्ही लिहायची, "येत्या रविवारी" नाही. तुम्ही शुक्रवारी पाठवलेली बातमी सोमवारी लागली तर "येत्या रविवारी" कुठला? "उद्या" तर अजिबात नको. शीर्षकात पण तारीख असली की वार निघून गेला तरी गोंधळ होत नाही.

"भव्यदिव्य", "प्रथमच", "रसिकांसाठी पर्वणी" हे सगळं डेस्कवर कापलं जातं, आणि ते कापता कापता हात पुढे जातो. नावांचं मात्र खरंच अवघड आहे, मला माहितीये, १४ पदाधिकाऱ्यांतलं एक नाव राहिलं तर पुढच्या मीटिंगला कोण बोलणार नाही ते आधीच सांगता येतं. त्यावर एकच तोड, नावं पहिल्या बातमीत कुणाचीच नाहीत असं आधी ठरवून टाका आणि कार्यक्रम झाल्यावरच्या बातमीत घ्या. सगळ्यांची सारखीच राहिली की कुणी रुसत नाही. प्रायोजकांची यादी तर घालूच नका, दुकानांची नावं आणि तिकिटाचे दर ठळक दिसले की पेपरवाले सरळ म्हणतात ही जाहिरात आहे, जाहिरात विभागात द्या. आणि त्यांचंही चुकीचं नाही.

मुलींची नावं, फोटो, कॉलेज काही द्यायचं नाही. मदत घेणारी म्हणून पेपरात फोटो आलेल्या मुलीला वर्गात काय वाटेल याचा विचार करा. फोटो पाहिजेच असेल तर तालमीचा द्या, कलाकारांचा, एकच.

कायद्याचं थोडंसं, पण हे टाळू नका

नोंदणीकृत संस्था नसेल, नुसता मित्रांचा ग्रुप असेल, तर लोकांकडून पैसे गोळा करायच्या आधी धर्मादाय कार्यालयात विचारून घ्या. गणेश मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मधल्या कलम ४१ क खाली असते, तेच तुम्हालाही लागू होतं. सोपा मार्ग म्हणजे एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टबरोबर कार्यक्रम करायचा आणि पावती त्यांचीच द्यायची. नोंदणी क्रमांक बातमीत छापायची गरज नाही पण पत्रकाराने विचारला तर तोंडावर पाहिजे.

देणगीवर आयकरात सवलत देणाऱ्या ८०जी बद्दल जपून. संस्थेकडे ती मान्यता असेल तरच लिहा, आणि लिहिताना "देणगीवर" असं लिहा, "तिकिटावर" नाही. तिकिटाच्या बदल्यात माणूस कार्यक्रम बघतो, ती देणगी धरत नाहीत. शिवाय २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ही सवलत नाही आणि नवीन करप्रणाली घेतलेल्यांना तर नाहीच, हे फोनवर बसणाऱ्या माणसाला पाठ करून ठेवा कारण हा प्रश्न येतोच.

पाठवायची कशी

नोट मेलच्या आतच युनिकोडमध्ये पेस्ट करायची आणि सोबत लेटरहेडवरची सही-शिक्क्याची पीडीएफ जोडायची. फक्त लेटरहेडचा फोटो व्हॉट्सॲप केला तर तिकडे कुणालातरी सगळं परत टाईप करावं लागतं, तिथेच नंबर चुकतो, किंवा कंटाळा येऊन बातमीच राहते. मेलच्या विषयात सगळं सांगायचं: "प्रेसनोट – सांगली – विद्यार्थिनींच्या मेसखर्चासाठी मैफल – रविवार १४ डिसेंबर". नुसतं "बातमी" किंवा "प्रसिद्धीसाठी" लिहिलं की तसल्या ढिगात ती हरवते. फोटो व्हॉट्सॲपने पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून त्याचा दर्जा जातो.

मेलच्या शेवटी, नोट संपल्यावर एक रेघ मारून हे लिहा:

> *वरील नोटमधील क्रमांक वाचकांसाठी, छापण्यासाठी आहे.*
> *फक्त कार्यालयासाठी (छापू नये) : शंका असल्यास अमुक तमुक, ९७××× ×××××, रात्री ११ पर्यंत.*

ही दोन नंबरांची फारकत फार महत्त्वाची. डेस्कवाल्याला रात्री नऊला शंका येते, साडेपाच की साडेसहा, त्याला तेव्हा फोन उचलणारा माणूस पाहिजे, आणि तो कार्यक्रमाचा फोन सातला बंद झालेला असतो. आणि "छापू नये" लिहिलं नाही तर घरचा नंबर छापून येतो.

कुणाला पाठवायची? सकाळ, पुढारी, लोकमत, तरुण भारत यांच्या सांगलीच्या ऑफिसला, आणि मुली ज्या तालुक्यांतल्या आहेत तिथल्या वार्ताहरांना पण, कारण जतच्या पानावर ही बातमी सांगलीपेक्षा मोठी लागू शकते. फक्त एकाच पेपरला दोन ठिकाणांहून पाठवत असाल तर दोघांनाही तसं सांगा, नाहीतर एकाला वाटतं दुसरा घेतोय आणि दोघंही सोडतात. दुपारच्या आत पाठवलेली बरी, संध्याकाळी उशिरा गेलेली साधी नोट दुसऱ्या दिवसावर जाते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवीन ढीग पडतो. पाठवल्यावर एकच फोन करायचा, "मेल मिळाला का" एवढंच विचारायचं. "कधी लागणार, कुठल्या पानावर" हे विचारून माणसाला पिडायचं नाही.

आठ-दहा दिवस आधी ही मोठी नोट आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तीन ओळींची छोटी नोट, "आजचे कार्यक्रम" सारख्या सदरासाठी, त्यात कार्यक्रम, वेळ, जागा आणि तोच नंबर. नंबर मध्ये बदलू नका.

छापून आल्यावर

सकाळी पहिलं काम, कात्रण स्टेटसला टाकायच्या आधी, पेपर समोर धरून छापलेला नंबर आकडा-आकडा बघून दुसऱ्या फोनवरून लावायचा. सेव्ह केलेलं नाव दाबायचं नाही, त्याने काही कळत नाही. सगळ्या पेपरांतला लावून बघा, आणि वेबसाईटवर बातमी असेल तर तिथला पण.

चुकला असेल तर चिडून उपयोग नाही. वेबसाईटवर लगेच बदलून मागायचा, छापील पेपरसाठी त्याच दिवशी दुपारच्या आत दुरुस्तीची दोन ओळींची नोट द्यायची, फक्त बरोबर नंबर आणि कार्यक्रमाचं नाव, बाकी रामायण नको. आणि ज्याचा नंबर चुकून छापला गेलाय त्या माणसाला फोन करून माफी मागायची आणि आपला नंबर द्यायचा, म्हणजे तो बिचारा सकाळपासून येणाऱ्या फोनवाल्यांना निदान इकडे पाठवेल. माणसं चांगली असतात, पाठवतात. चुकीचं कात्रण मात्र तुम्ही स्वतः ग्रुपवर फिरवू नका, बातमी कितीही मोठी लागलेली असली तरी.

फोनजवळ एक वही ठेवा आणि प्रत्येक कॉल लिहा: नाव, गाव, पास की देणगी, किती, आणि "कुठल्या पेपरात वाचलं". हा शेवटचा रकाना पुढच्या वर्षी कामाला येतो, कुठल्या पानावरच्या कुठल्या बातमीने खरंच फोन आले ते त्यातून दिसतं. देणगी देतो म्हणालेल्या माणसाला त्याच संध्याकाळी खात्याची माहिती मेसेज करायची आणि पैसे आले की पावतीचा फोटो पाठवायचा, दोन दिवस गेले की निम्मे लोक विसरतात.

मैफल झाली की आठवड्याभरात तिसरी नोट पाठवायची. तिकिटाचे किती आले, देणगीचे किती, हॉल-साऊंडचा खर्च किती गेला, मेसचालकांना किती दिले. यात मघाशी ठेवलेली सगळी नावं घाला, आणि उद्दिष्टापेक्षा पैसे कमी पडले असतील तर तेही सरळ लिहून त्याच वाक्यात तोच नंबर परत द्या, नवी शेवटची तारीख टाकून.